फोटोखालच्या चार ओळी

गेल्या जुलै महिन्यात एका रात्री माझ्या फोनवर एक फोटो आला. आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी घराच्या पडवीत उभी होती, एका हातात पासपोर्ट आणि दुसऱ्या हातात पत्र. खाली निरोप होता : "मॅडम, शिष्यवृत्ती मिळाली. ब्रिटनला जातेय. फोटोखाली टाकायला हे लिहिलंय. उर्दू-मराठी दोन्ही तुमच्याकडेच शिकले, तेवढं तपासून द्या."

तिने लिहिलेला मजकूर असा होता :

"अल्हमदुलिल्लाह! स्वप्न साकार झाले. अथक परिश्रम, जिद्द आणि चिकाटी यांच्या जोरावर मला परदेशात उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली. माझे आई-वडील, सर्व गुरुजन, नातेवाईक, मित्रमैत्रिणी व ज्ञात-अज्ञात हितचिंतक यांचे मनःपूर्वक आभार. नशिबाचीही साथ लाभली."

शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. तरीही "छान" एवढेच लिहून तो परत पाठवायला हात धजेना. मी हिला पाचवीपासून ओळखते. हिचे घर, हिचे अब्बा, हिच्या बाकावर शेजारी बसणारी मुलगी, सगळे मला माहीत. आणि या मजकुरात त्यातले काहीच नव्हते. नाव बदलले तर तो पुण्याच्या, नागपूरच्या, कुणाच्याही फोटोखाली चालला असता. "सर्व गुरुजन" या दोन शब्दांत मीही होते म्हणे, पण मला काही त्यात मी सापडले नाही. मी तिला कळवले, "घाई करू नकोस. रविवारी घरी ये."

रविवार यायला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत शाळेत जाता-येताना माझ्या डोक्यात एक जुनी गोष्ट घोळत राहिली. मुरूडच्या रस्त्याने जाणाऱ्यांना नवाबांचा राजवाडा दिसतोच. त्या राजवाड्याशी नाते असलेली एक मुलगी एकशे वीस वर्षांपूर्वी सरकारी शिष्यवृत्ती घेऊन लंडनला शिकायला गेली होती. तेही शिक्षिका होण्यासाठी. तिचे नाव अतिया फैजी.

अतिया १८७७ मध्ये इस्तंबूलला जन्मली. वडिलांचा व्यापार तिथे होता. घराणे मुंबईच्या तय्यबजींच्या गोतावळ्यातले, सुलेमानी बोहरा. थोरली बहीण जोहरा. मधली नाझली, जी जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम झाली. त्यामुळे फैजी भगिनींचा जंजिऱ्याशी घरोबा. १९०६ मध्ये अतियाला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि ती लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाली. मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करणारे हे कॉलेज. हिंदुस्थानातल्या स्त्रियांमध्ये लिहिता-वाचता येणारी शंभरात एकसुद्धा नव्हती, त्या काळातली ही गोष्ट.

तय्यबजी घराण्यात एक मजेशीर रिवाज होता. घरोघरी एक मोठी वही ठेवलेली असे. तिला ते 'अखबार' म्हणत. घरातले लहानमोठे सगळे त्यात लिहीत. कोण आले, कोण गेले, कुणाची परीक्षा झाली, कुणी कुठला प्रवास केला, आज समुद्रावर काय पाहिले. आपल्या किनाऱ्यावर किहीमला त्यांची घरे होती, तिथेही अशी वही होती. पाहुणा आला की त्यानेही चार ओळी लिहायच्या. आज आपण बातमी सांगायला फोटो टाकतो आणि खाली मजकूर लिहितो, त्याचीच ही आजी म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की वही घरातल्यांसमोर उघडी असे आणि लिहिणाऱ्याला वाचणारे सगळे माहीत असत. खोटे किंवा फुगवून लिहिले तर संध्याकाळी जेवताना कुणीतरी हसणार, हे ठरलेले.

अतियाला हीच सवय उपयोगी पडली. लंडनहून ती घरी बहिणींना रोजनिशी लिहून पाठवू लागली आणि ती लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वान' या साप्ताहिकात छापून येऊ लागली. स्त्रियांसाठीचे हे उर्दू पत्र मुहम्मदी बेगम आणि त्यांचे पती सय्यद मुमताज अली यांनी १८९८ मध्ये सुरू केले होते. म्हणजे शिष्यवृत्ती मिळालेली ही मुलगी जहाजातून, बोर्डिंगमधून, वर्गातून जे लिहीत होती, ते पंजाबातल्या आणि संयुक्त प्रांतातल्या पडद्यातल्या बायका वाचत होत्या. त्यातल्या बहुतेकींना जिल्ह्याबाहेरची शाळासुद्धा मिळणार नव्हती. आपल्याला मिळाले ते अशा लोकांना कसे सांगायचे, हा प्रश्न माझ्या विद्यार्थिनीच्या आधी अतियापुढे उभा राहिला होता.

रविवारी ती आली. सोबत आईही होती. चहा झाल्यावर मी तिला अतियाची गोष्ट सांगितली आणि विचारले, "अतियाची जिद्द आणि चिकाटी होतीच. पण बाकी काय होतं, सांग."

ती हुशार आहे, लगेच मोजू लागली. वडील परदेशात व्यापार करणारे. घरात मुलींना शिकवायची रीत. घराण्यात बद्रुद्दीन तय्यबजींसारखे माणूस, १८८७ च्या काँग्रेसचे अध्यक्ष, हायकोर्टाचे न्यायाधीश. बहीण संस्थानची बेगम. आणि समुद्रप्रवासात सोबतीला भाऊ. मी म्हटले, "आता यातलं एक काढून बघ. समज, भाऊ नाही." ती म्हणाली, "मग बोटीवर कोण चढू देणार होतं?"

त्याच किनाऱ्यावर, त्याच साली, अतियाइतकीच बुद्धी असलेली एखादी मुलगी एखाद्या कोळ्याच्या, एखाद्या दालदीच्या, एखाद्या वाडीवाल्याच्या घरी असेलच. ती कोण, हे कुठल्याच वहीत लिहिलेले नाही.

मग आम्ही तिच्या मजकुरातल्या शेवटच्या वाक्याकडे वळलो. "नशिबाचीही साथ लाभली." मी तिला नशीब या शब्दाचा मूळ अर्थ विचारला. उर्दूत नसीब आपण रोज वापरतो, पण अरबीत त्याचा साधा अर्थ 'वाटा' असा आहे. किस्मत हा शब्दही वाटणी या अर्थाच्या धातूपासून आला. तकसीम हा त्याचाच भाऊ. गंमत अशी की मराठीतले भाग्यही 'भाग' या शब्दातून आले, म्हणजे पुन्हा वाटाच. आणि आपण कोकणात काय म्हणतो? "माझ्या वाट्याला आलं." तीन भाषा एकच गोष्ट सांगतात. वाटा म्हटला की वाटणी आली, आणि वाटणी म्हटली की दुसरेही आले. "नशिबाची साथ" म्हटले की नशीब म्हणजे पाठीवर हात ठेवणारा कुणी दोस्त वाटतो. "वाट्याला आलं" म्हटले की विचारावेसे वाटते, कितीतला वाटा? आणि बाकीचा कुणाकडे गेला?

"तर आता सांग," मी म्हटले, "तुझ्या वाट्याला नेमकं काय आलं?"

पहिली गोष्ट तिने हळू आवाजात सांगितली. शिष्यवृत्तीच्या पहिल्या यादीत तिचे नाव नव्हते. ती प्रतीक्षा यादीत दुसरी होती. वरच्या दोघांना दुसरीकडून पैसे मिळाले, त्यांनी जागा सोडली आणि हिला फोन आला. तिची आई चटकन म्हणाली, "ते कशाला लिहायचं? लोक म्हणतील उरलेली जागा मिळाली." आईचे म्हणणे मला कळले. पण शिष्यवृत्तीच्या निवडीत हे नेहमीच घडते. जागा ठरलेल्या असतात, अर्ज अनेक पटींनी जास्त. शेवटच्या निवडलेल्यात आणि पहिल्या गाळलेल्यात गुणांचा फरक बहुतेक वेळा अगदी बारीक असतो. एखाद्याचे विद्यापीठाचे पत्र आठ दिवस उशिरा आले, एखाद्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर मागच्या वर्षाचे साल पडले, तर तो खाली जातो. यादीबाहेर राहिलेला आळशी नसतो. आणि निवडलेला हे लिहीत नाही तोवर बाहेर राहिलेल्याला वाटत राहते की आपल्यातच काही कमी होते.

दुसरी गोष्ट २०२० ची. त्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर धडकले. वाचकांपैकी ज्यांनी ते पाहिले त्यांना सांगायला नको. कौले, पत्रे, नारळ-सुपारीच्या वाड्या, विजेचे खांब, सगळे आडवे. आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती. त्याआधीच कोरोनाची टाळेबंदी. ही मुलगी त्या साली बारावीला होती. तिचे मामा पनवेलला राहतात. ते येऊन तिला घेऊन गेले. त्यांच्या घरी वीज होती, इंटरनेट होते. बारावीचा निकाल लागल्यावर कॉलेजचे प्रवेशअर्ज ऑनलाइन भरायचे होते, ते तिने तिथून वेळेत भरले.

तिच्या बाकावर बसणारी दुसरी मुलगी. मार्क कधी हिला दोन जास्त, कधी तिला. तिला मामा नव्हता. घराचे पत्रे उडाले होते आणि अब्बांची सुपारीची वाडी झोपली होती. सुपारीचे रोप लावल्यावर उत्पन्न हाती यायला वर्षानुवर्षे जातात. तिचे कॉलेज त्या साली राहिले ते राहिलेच. आता ती शिवणकाम करते आणि संध्याकाळी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेते.

माझी विद्यार्थिनी बराच वेळ बोलली नाही. मग तिने फोन काढून तिथेच लिहिले : "माझी मैत्रीण माझ्याइतकीच हुशार होती, पण नशिबाने तिला साथ दिली नाही." पुढे मैत्रिणीचे नाव. मला वाचून दाखवताना तिचे डोळे भरले होते. मी म्हटले, "चांगलं आहे. पण हे टाकण्याआधी तिला वाचायला दे. तिच्याविषयी आहे ना?"

त्याकडे नंतर येते. आधी शिक्षकांचा भाग.

"सर्व गुरुजन" खोडून तिने सगळ्यांची नावे लिहायला घेतली. प्राथमिकपासून कॉलेजपर्यंत चोवीस नावे झाली. तीही यादीच. यादीत चूक अशी होते की एखादे नाव राहते आणि ते माणूस वर्षभर लक्षात ठेवते. शिक्षकही माणसेच, मी अनुभवावरून सांगते. म्हणून मी तिला म्हटले, "नावं मागे ठेव. कुणी काय केलं, ते आठव. असं काहीतरी, की ते झालं नसतं तर तू आज या पडवीत पासपोर्ट घेऊन उभी नसतीस."

हा सवाल मला डॉ. आंबेडकरांच्या चरित्रावरून सुचला होता. त्यांच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या मुळाशी एक शिक्षक आहेत, आणि ते त्यांच्या शाळेतले नाहीत. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कूलचे मास्तर. भीमराव शिकत होते एल्फिन्स्टनमध्ये. केळुसकर संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचायला बसत, तिथे हा मुलगाही पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली, पुस्तके देऊ लागले. मॅट्रिक झाल्यावर सत्कार झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे पैशांअभावी कॉलेज थांबण्याची वेळ आली, तेव्हा सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपये सुरू झाले. त्याच ओळखीतून १९१३ मध्ये बडोदे सरकारची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली, दरमहा साडेअकरा पौंड, आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांची बुद्धी आणि मेहनत कुणी नाकारणार नाही. पण दोन वाचणारी माणसे एकाच बागेत बसत होती, आणि त्यातले एक उठून दुसऱ्याकडे गेले, हा वाटा वेगळाच. "सर्व गुरुजनांचे आभार" या वाक्यात केळुसकर बसलेच नसते. ते त्यांचे गुरुजन नव्हतेच.

तिला तिघे आठवले. पहिले आमच्याच शाळेचे भूगोलाचे सर, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. नववीत ते वर्गाला ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेत. सुरूच्या एका झाडाजवळ त्यांनी बांबूची खुंटी ठोकली होती. भरतीच्या पाण्याची रेघ त्या खुंटीपासून किती पावलांवर आहे, हे दर महिन्याला मुलांनी मोजायचे आणि वहीत लिहायचे. वर्षअखेर पावले कमी झालेली दिसली. किनाऱ्याची धूप हा शब्द पुस्तकात नंतर आला. ही मुलगी आता तोच विषय शिकायला चालली आहे. दुसरी, पनवेलच्या प्रयोगशाळेतली तिच्या शेजारच्या टेबलावरची ताई. बी.एस्सी. नंतर ही तिथे नोकरी करत होती. त्या ताईने वर्तमानपत्रातली शिष्यवृत्तीची जाहिरात कापून हिच्या डब्याखाली ठेवली होती. ताई शिक्षिका नाही, पण तिचे नाव मी राहू द्यायला सांगितले.

तिसरी मी निघाले. मला वाटले, उर्दूच्या शेरांबद्दल किंवा मराठी निबंधांबद्दल काही म्हणेल. म्हणाली, "मॅडम, तुम्ही दहावीत माझ्या नावाचं स्पेलिंग बदलायला लावलंत."

मला आठवतच नव्हते. बोर्डाच्या फॉर्मनंतर छापील यादी शाळेत येते, त्यात प्रत्येकाचे नाव तपासून सही घ्यायची असते. हिचे नाव शाळेच्या रजिस्टरात एका तऱ्हेने, आधारकार्डावर दुसऱ्या. आपल्या मुलांच्या बाबतीत हे नेहमीचे. एकच नाव कुणी एका स्पेलिंगने लिहितो, कुणी दुसऱ्या, आडनाव कधी शेवटी तर कधी नाहीच. मुले म्हणतात, चालेल. मी त्या दिवशी म्हणे तिच्यावर ओरडले होते आणि अब्बांना बोलावून कागद करून घ्यायला लावले होते. त्यांची एक दिवसाची मजुरी गेली होती आणि घरी माझ्याविषयी बरे बोलले गेले नव्हते. (हे तिच्या आईने हसत कबूल केले.) आता पासपोर्ट, मार्कशीट, विद्यापीठाचे पत्र आणि बँकेचा कागद, चारही ठिकाणी तेच नाव, तेच स्पेलिंग. तिच्याबरोबर निवडलेल्या एकाचा व्हिसा याच कारणाने अडकला होता.

वीस वर्षे शिकवते आहे. माझ्या हातून झालेले सर्वांत उपयोगी काम एका अक्षराचे निघाले. थोडे वाईट वाटले, खरे सांगते. पण तिने तेच लिहावे, असे मी म्हटले.

फोटोचेही बोलणे झाले. त्यात तिने पासपोर्टचे आतले पान उघडून धरले होते. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, सही, सगळे वाचता येत होते. पत्रावरचा अर्ज क्रमांकही. असे कागद जगापुढे मांडायचे नसतात. कुणीही ते उतरवून घेऊन फोन करतो, "तुमच्या शिष्यवृत्तीच्या कामासाठी अमुक रक्कम भरा," आणि क्रमांक बरोबर असल्यामुळे माणूस फसतो. पासपोर्ट मिटलेला हवा आणि पत्र नुसते दुमडून हातात. घरच्यांची दुसरी काळजी होती ती दादीची. "नजर लागेल, जाईपर्यंत कुणाला सांगू नका." नजरेचे मी काही बोलले नाही, पण थांबायला सांगितले. यादीत नाव आले म्हणजे विमानात बसलो असे नसते. विद्यापीठाचे पत्र आधी सशर्त असते, मग पक्के होते. ब्रिटनच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी आपल्याकडच्यांना ठरलेल्या दवाखान्यात क्षयाची तपासणी करून दाखला जोडावा लागतो. पैशांचे कागद असतात. यातले एखादे अडले तर टाकलेली बातमी मागे घेणे फार जड जाते. व्हिसा मंजूर झाल्यावरच टाकायचे ठरले. दादी खूष, मीही खूष, कारणे वेगळी.

आणि त्यानंतरही काय होईल हे कुणाला माहीत? अतियाची गोष्ट मी तिला अर्धीच सांगितली होती. उरलेली तेव्हा सांगितली. लंडनमध्ये अतियाची तब्येत बिघडली. अभ्यासक्रम पुरा झाला नाही. वर्षभरानंतर, १९०७ मध्ये, ती परत आली. दरम्यान तिने पाहिले खूप. लंडनमध्ये इक्बालशी भेट झाली, जर्मनीत हायडलबर्गला गेली. पण ज्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली होती ते पुरे झाले नव्हते. तिची रोजनिशी १९२१ मध्ये आग्र्याहून पुस्तकरूपाने निघाली. त्याचे नाव 'जमाना-ए-तहसील', शिकण्याचा काळ. मला त्या नावाचा आदर वाटतो. मिळवले असे म्हणणारे नाव देता आले असते. तिने शिकत होते तेवढेच म्हटले. "स्वप्न साकार झाले" हे वाक्य माझ्या विद्यार्थिनीने स्वतःच खोडले. म्हणाली, "अजून तर बॅगही भरली नाही."

आता ती मैत्रीण. दोन दिवसांनी दोघी मिळून माझ्याकडे आल्या. मैत्रिणीने वाचले होते आणि ती रागावली होती. मला म्हणाली, "मॅडम, 'हुशार होती' म्हणजे काय? आता नाही का? मी मेले का?" मग हिच्याकडे वळून, "माझं नाव टाकशील तर सगळं गाव मला बिचारी म्हणेल. आधीच शिकवणीची फी कोणी वेळेवर देत नाही."

माझी विद्यार्थिनी रडवेली झाली. मी गप्प राहिले, कारण चूक अर्धी माझीही होती. नशिबाचा वाटा नेमका सांग म्हणताना दुसऱ्याच्या वाट्याचे दुःख त्याला न विचारता चारचौघांत मांडले जाते, हे मला आधी सुचायला हवे होते. भूतकाळाचे एक 'होती' किती बोचते, हे व्याकरण शिकवणारीला कळू नये? शेवटी मैत्रिणीनेच तोडगा काढला. म्हणाली, "आपल्या वर्गातल्या काहीजणी, एवढंच लिही. आणि फुकट आभार नकोत. अर्ज कसा भरायचा ते कुणाला विचारायचं असेल तर घरी या, असं टाक. गावातल्या किती मुलींना ठाऊकच नाही."

ऑगस्टमध्ये व्हिसा आला. मग जे टाकले गेले ते असे. नावे तिच्या मजकुरात आहेत, इथे मी काढली आहेत :

"अल्हमदुलिल्लाह. किनाऱ्याची धूप हा विषय शिकायला मी सप्टेंबरमध्ये वर्षभरासाठी ब्रिटनला जात आहे. खर्च शिष्यवृत्तीतून होईल. मी प्रतीक्षा यादीत दुसरी होते; वरच्या दोघांनी जागा सोडली म्हणून ती माझ्या वाट्याला आली. २०२० च्या वादळानंतर पनवेलला मामांच्या घरी वीज होती, म्हणून माझा कॉलेजचा अर्ज भरला गेला. आमच्या वर्गातल्या माझ्याइतकाच अभ्यास करणाऱ्या काहीजणींना त्या वेळी ती सोय नव्हती. सुरूच्या झाडाजवळ खुंटी ठोकून समुद्र मोजायला शिकवणारे मरहूम सर, दहावीत नावाचे स्पेलिंग दुरुस्त करायला लावणाऱ्या मॅडम, त्यासाठी एक दिवसाची मजुरी सोडणारे अब्बा आणि डब्याखाली जाहिरात ठेवणारी ताई, तुमची आभारी आहे. पुरे करून आले की पुन्हा लिहीन, इन्शाअल्लाह. अर्ज कसा भरायचा, कुठले कागद लागतात, हे कुणाला पाहायचे असेल तर मी निघेपर्यंत रोज संध्याकाळी घरी या. वह्या आणि झेरॉक्स ठेवल्या आहेत."

अब्बांचा उल्लेख तिने माझ्या नकळत घातला. मला तो सर्वांत आवडला.

वाचून दूरच्या एका नातेवाइकाने लिहिले, "एवढे खुलासे कशाला? नुसते अभिनंदन म्हणायचे तर कुठे म्हणू?" असेही लोक असतात. भूगोलाच्या सरांच्या मुलाने मात्र दुबईहून फोन केला. त्याला त्या खुंटीबद्दल काहीच माहीत नव्हते. अब्बा घरी शाळेचे फार बोलत नसत, म्हणाला. ती खुंटी अजून आहे का, असे त्याने विचारले. आम्ही पाहून आलो. खुंटी नाही, सुरूचे ते झाडही निसर्गात गेले.

संध्याकाळी तिच्या घरी सात मुली येऊन गेल्या. आठवी तिची ती मैत्रीण, मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा अर्ज घेऊन. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिचेही स्पेलिंग आधारकार्डाशी जुळत नव्हते. दोघी मिळून तो दाखला घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडण्याआधीच माझ्या दारात उभ्या होत्या.